लॉस हलत नाही: हा सॅडल पॉइंट आहे का, हे कसं ओळखायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सॅडल पॉइंट म्हणजे नेमकं काय? मराठीत काय म्हणायचं?

पुस्तकी भाषांतर करायचं तर खोगीर बिंदू. पण सह्याद्रीत भटकणाऱ्याला 'खिंड' म्हटलं की चित्र लगेच डोळ्यांसमोर येतं. दोन डोंगरांमधल्या खिंडीत उभे राहा. डोंगराच्या धारेवरून चालत आलात तर खिंड हा सगळ्यात खालचा भाग, दोन्ही बाजूंना चढ. पण कोकणातून घाटावर जाणाऱ्याला तीच खिंड वाटेतली सगळ्यात उंच जागा, पुढे-मागे दोन्हीकडे उतार. पायाखालची जमीन मात्र त्या क्षणी सपाट.

लॉस फंक्शनमध्येही हेच होतं. ग्रेडियंट शून्य असतो, म्हणजे जमीन सपाट. काही दिशांना लॉस वाढतो आणि निदान एका दिशेला तरी कमी होतो. ग्रेडियंट डिसेंट फक्त पायाखालचा उतार बघतं, म्हणून खिंडीजवळ आलं की त्याची पावलं लहान होत जातात. खिंड आणि दरीचा तळ यांतला फरक त्याला कळत नाही, कारण ग्रेडियंट दोन्हीकडे शून्यच.

मग फरक कळतो कशावरून?

दुसऱ्या विकलजांवरून. लॉसचे प्रत्येक दोन पॅरामीटरांच्या जोडीसाठीचे दुसरे विकलज चौकटीत मांडले की हेसियन मॅट्रिक्स तयार होतं. त्याच्या प्रत्येक आयगेन व्हेक्टरला एक दिशा समजा आणि त्याच्या आयगेन व्हॅल्यूला त्या दिशेची वक्रता. व्हॅल्यू धन असेल तर जमीन त्या दिशेला वाटीसारखी, ऋण असेल तर पालथ्या वाटीसारखी. ग्रेडियंट शून्य असताना एक जरी ऋण आयगेन व्हॅल्यू सापडली, तर ती जागा लोकल मिनिमम असूच शकत नाही. सगळ्याच ऋण असतील तर ते शिखर. काही धन आणि काही ऋण असतील तर सॅडल.

'ग्रेडियंट शून्य असताना' हे तीन शब्द लोक विसरतात. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे, कारण बहुतेक चुकीची निदानं तिथेच होतात.

हातानं करून बघता येईल असं एखादं उदाहरण?

मला सगळ्यात आवडतं ते दोन पॅरामीटरांचं. एक इनपुट, मध्ये एक न्यूरॉन, एक आउटपुट. ॲक्टिव्हेशन नाही, बायस नाही. इनपुट १ दिलं तर उत्तर १ यायला हवं. मग लॉस असा:

L(w1, w2) = ½ (w1·w2 − 1)²

याचे पहिले विकलज (w1·w2 − 1)·w2 आणि (w1·w2 − 1)·w1. दोन्ही वजनं शून्य असतील तर दोन्ही विकलज शून्य. तिथे लॉस ०.५ आहे. आता दुसरे विकलज: कर्णावर w2² आणि w1², कर्णाबाहेर 2·w1·w2 − 1. शून्यावर कर्ण शून्य होतो आणि बाहेर −१ उरतं. मशीनकडून तपासून घ्या:

```python
import torch

def loss(w):
    return 0.5 * (w[0] * w[1] - 1) ** 2

H = torch.autograd.functional.hessian(loss, torch.zeros(2))
print(torch.linalg.eigvalsh(H))
```

उत्तर −१ आणि १. धन दिशा (1, −1), म्हणजे एक वजन वाढवायचं आणि दुसरं तेवढंच कमी करायचं. ऋण दिशा (1, 1), म्हणजे दोन्ही एकत्र वाढवायची. सुटकेची वाट ती.

एक गोष्ट मुद्दाम बघा: कर्णावर दोन्हीकडे शून्य आहे. म्हणजे एका वेळी एकच वजन हलवून पाहिलं तर लॉस तसूभरही बदलत नाही, आणि माणूस म्हणतो, 'इथे सगळं सपाट आहे.' उतार दोघांच्या संगनमतात दडलेला असतो. म्हणून फक्त कर्ण तपासून निष्कर्ष काढू नये. खर्च वाचवायला ही पळवाट काढलेली मी बऱ्याच ठिकाणी पाहिली आहे.

तिथे अडकलं तर लॉसचा आलेख कसा दिसतो?

वरच्याच लॉसवर दोन्ही वजनं ०.००१ ठेवून, लर्निंग रेट ०.१ घेऊन ग्रेडियंट डिसेंट चालवा. सुरुवातीला लॉस ०.५. तीस पावलांनंतर ०.४९९७. पन्नास पावलांनंतरही ०.४८६. इथवर आलेल्या माणसाचा धीर सुटतो आणि तो रन बंद करतो. आणखी दहा पावलांनी ०.४१८, सत्तराव्या पावलाला ०.१८ आणि ऐंशीव्याला ०.०१२. बराच वेळ पठार आणि मग एकदम कडा.

कारण साधं आहे. सॅडलजवळ ऋण दिशेतलं अंतर प्रत्येक पावलाला (1 + η|λ|) पटीनं वाढतं; η हा लर्निंग रेट, λ ही त्या दिशेची आयगेन व्हॅल्यू. इथे ही वाढ १.१ पट. चक्रवाढ व्याजच आहे हे. ०.००१ चे ०.५ व्हायला पाचशे पट वाढ लागते आणि १.१ दरानं त्याला साधारण ६५ पावलं जातात. सुरुवातीला मुद्दल इतकं कमी असतं की व्याज दिसतच नाही.

आता λ एक ऐवजी ०.००१ धरा. त्याच लर्निंग रेटला दर पावलाला वाढ १.०००१ पट, आणि तेवढ्याच पाचशे पटीसाठी ६२,००० च्या आसपास पावलं. म्हणून ऋण आयगेन व्हॅल्यू 'आहे' एवढं कळून भागत नाही, ती किती मोठी आहे यावर वाट बघायची की हस्तक्षेप करायचा हे ठरतं.

ग्रेडियंट डिसेंट सॅडलवर कायमचं अडकू शकतं का?

अडकू शकतं, पण त्यासाठी योगायोग फार जुळून यावा लागतो. w1 = ०.५ आणि w2 = −०.५ घेऊन बघा. दोन्ही वजनं अगदी सारख्या प्रमाणात शून्याकडे सरकत जातात, (1, 1) दिशेचा अंशही तयार होत नाही, आणि स्वारी सरळ खिंडीत जाऊन बसते. गणितं दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखी असल्यानं संगणकातली राउंडिंगची चूकसुद्धा इथे मदतीला येत नाही.

पण w2 मध्ये एक दशलक्षांशाची चूक करा आणि खेळ संपला; दीडशे-दोनशे पावलांत ती चूक मोठी होऊन बाहेर काढते. ली, सिमचोविट्झ, जॉर्डन आणि रेक्ट यांनी २०१६ मध्ये हेच सिद्ध केलं: प्रत्येक सॅडलला ऋण आयगेन व्हॅल्यू असेल आणि लर्निंग रेट पुरेसा लहान असेल, तर रँडम सुरुवातीतून ग्रेडियंट डिसेंट सॅडलवर जाऊन थांबण्याची शक्यता शून्य. 'कधीतरी सुटेल' एवढंच आश्वासन त्यात आहे, 'लवकर सुटेल' असं नाही. पुढच्याच वर्षी अशीही फंक्शनं दाखवली गेली जिथे सॅडलांची रांगच लागते आणि सुटायला लागणारा वेळ घातांकी पद्धतीनं वाढतो. मुद्दाम थोडा गोंगाट मिसळला तर ही अडचण जाते.

मोठ्या मॉडेलमध्ये लोकल मिनिममपेक्षा सॅडल जास्त असतात, असं का म्हणतात?

ढोबळ हिशेब असा: मिनिमम व्हायला सगळ्याच आयगेन व्हॅल्यू धन हव्यात. प्रत्येकीचं चिन्ह नाणेफेकीनं ठरतं असं मानलं तर वीस पॅरामीटरांतही ही शक्यता साडेदहा लाखांत एक. खऱ्या हेसियनमध्ये चिन्हं अशी स्वतंत्र नसतात, त्यामुळे हा युक्तिवाद शब्दशः घेऊ नका. जास्त भरवशाचं निरीक्षण ब्रे आणि डीन यांचं, २००७ सालचं, रँडम गॉसियन फंक्शनांवरचं: ज्या सपाट जागी फंक्शनची किंमत जास्त, तिथे ऋण दिशांचं प्रमाणही जास्त. दोफॅं आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये लहान न्यूरल नेटवर्कांवर तपासलं तेव्हा कल तसाच दिसला. म्हणजे वरच्या मजल्यांवर खिंडी आणि खऱ्या दऱ्या तळमजल्याला.

माझ्या मॉडेलमध्ये दहा लाख पॅरामीटर आहेत. हेसियन काढायचं कुठून?

काढायचंच नाही. दहा लाख गुणिले दहा लाख आकडे, प्रत्येकी चार बाइट, म्हणजे चार टेराबाइट. पण आपल्याला अख्खं मॅट्रिक्स नको असतं. त्याला एखाद्या व्हेक्टर v नं गुणल्यावर काय येतं एवढंच हवं असतं, आणि ते मॅट्रिक्स न बांधता मिळतं. बराक पर्लमटर यांनी १९९४ मध्ये दाखवलेली ही युक्ती: ग्रेडियंट आणि v यांचा डॉट प्रॉडक्ट घ्या, त्याचा पुन्हा ग्रेडियंट काढा. खर्च नेहमीच्या ग्रेडियंटच्या काही पट, बस.

```python
def hvp(L, params, v):
    g = torch.autograd.grad(L, params, create_graph=True)
    gv = sum((a * b).sum() for a, b in zip(g, v))
    return torch.autograd.grad(gv, params)
```

हा गुणाकार हाताशी आला की लँकझॉस पद्धत वापरा. SciPy मध्ये `LinearOperator` बनवून `eigsh` ला `which='SA'` सांगितलं की सगळ्यात खालची आयगेन व्हॅल्यू आणि तिची दिशा मिळते. साधी पॉवर इटरेशन थेट चालवू नका. ती आकारानं सगळ्यात मोठी व्हॅल्यू शोधते, आणि न्यूरल नेटवर्कमध्ये ती बहुतेकदा मोठी धन असते. लँकझॉस नको असेल तर आधी ती मोठी λ शोधा, मग H − λI वर पुन्हा पॉवर इटरेशन चालवा. आता सगळ्यात मोठा आकार खालच्या टोकाचा होतो. आलेल्या उत्तरात λ मिळवली की काम झालं.

शेवटी, λ ही सापडलेली खालची आयगेन व्हॅल्यू धरून, Hv − λv ची लांबी तपासा. ती |λ| च्या तुलनेत लहान नसेल तर इटरेशन अजून पुरेसं झालेलं नाही, आणि हाती आलेलं ऋण चिन्ह भरवशाचं नाही.

आयगेन व्हॅल्यू ऋण आली. सॅडल सापडला ना?

थांबा. आधी ग्रेडियंटची लांबी सांगा.

नेहमीच्या ट्रेनिंगमध्ये, लॉस मस्त खाली जात असतानाही, हेसियनला थोड्या ऋण व्हॅल्यू असतातच. उतरत्या रस्त्यावर उंचवटा असावा तशा त्या. त्या जागेला सॅडल म्हणत नाहीत, कारण जमीनच सपाट नाही. उलट प्रकारही होतो. आपल्या दोन वजनांच्या उदाहरणात (1, 1) ही जागा खरा मिनिमम आहे, लॉस शून्य. तिथलं हेसियन सगळीकडे १, म्हणून आयगेन व्हॅल्यू २ आणि ०. शून्य येते, कारण w1·w2 = 1 या वक्रावर कुठेही लॉस शून्यच राहतो. आता `float32` मध्ये हाच शून्य −१०⁻⁸ असा छापून येऊ शकतो. आणि मोठ्या नेटवर्कमध्ये अशा शून्याजवळच्या आयगेन व्हॅल्यूंचा ढीगच असतो. चिन्ह मोजणारा माणूस इथे 'शेकडो ऋण दिशा सापडल्या' म्हणून अहवाल लिहून मोकळा होतो.

म्हणून चिन्हापेक्षा प्रमाण बघा. सगळ्यात मोठी आयगेन व्हॅल्यू २ असताना −१०⁻⁸ म्हणजे आकडेमोडीचा कचरा. −०.०५ असेल तर बोलू.

खात्री कशी करायची मग?

सापडलेल्या दिशेनं चालून बघायचं. v ची लांबी १ करून घ्या, वजनांमध्ये +εv मिळवून लॉस मोजा, मग −εv मिळवून मोजा. खरा सॅडल असेल तर दोन्ही बाजूंना लॉस साधारण ½|λ|ε² नं घटायला हवा. आपल्या उदाहरणात ε = ०.१ घेतलं तर अपेक्षित घट ०.००५, प्रत्यक्ष मोजली तर ०.००४९८७५. हे जुळलं. एका बाजूला घट आणि दुसऱ्या बाजूला वाढ दिसली तर तुम्ही नुसत्या उतारावर आहात, ग्रेडियंट शून्य झालेलाच नाही.

ε फार लहान घेऊ नका. λ = −०.००१ आणि ε = ०.०१ असेल तर घट ०.०००००००५ इतकी, म्हणजे लॉस ०.५ च्या घरात असताना `float32` मध्ये ती राउंडिंगमध्ये विरघळून जाईल. `float64` मध्ये करा.

या चाचणीच्या वेळी ड्रॉपआउट बंद हवा, आणि दोन्ही मोजमापं एकाच, पुरेशा मोठ्या डेटावर हवीत. एकदा माझा अर्धा दिवस यातच गेला. दर वेळी लोडर नवीन बॅच देत होता, आणि मी बॅच-बॅचमधल्या फरकाला वक्रता समजत होतो. λ दर खेपेला वेगळी येत होती, तेव्हाच शंका यायला हवी होती.

पठार दिसलं म्हणजे सॅडलच, असं नाही का?

नाही, आणि माझ्या अनुभवात बहुतेक वेळा नसतोच. लर्निंग रेट चुकलेला असतो, किंवा रेलू न्यूरॉन मेलेले असतात, किंवा लेबलं आणि इनपुट यांची जुळणीच बिघडलेली असते. रेलूबाबत आणखी एक खोच: ते तुकड्या-तुकड्यांत सरळ असल्यानं त्याचा स्वतःचा दुसरा विकलज सगळीकडे शून्य धरला जातो आणि कोपऱ्यावरची वक्रता हेसियनला दिसतच नाही. मेलेल्या न्यूरॉनच्या वजनांसाठी हेसियन कोरं येतं. ते सपाट पठार, खिंड नव्हे.

खऱ्या सॅडलची एक ओळखीची खूण मात्र आहे. दहा वर्गांचं वर्गीकरण असेल, प्रत्येक वर्गाची उदाहरणं सारखी असतील आणि लॉस २.३०३ वर खिळला असेल, तर तो ln 10 आहे. म्हणजे मॉडेल इनपुटकडे न बघता प्रत्येक वर्गाला दहा टक्के देतंय. एक लपलेला टॅनएच थर, सगळी वजनं शून्य, असं ठेवलं की नेमकं हेच होतं. दोन थरांच्या वजनांचा मिश्र विकलज तिथे शून्य नसतो (वर्गांच्या सरासऱ्या वेगळ्या असल्या की पुरे), म्हणून ऋण आयगेन व्हॅल्यू मिळते आणि चिमूटभर रँडम वजनं टाकली की गाडी सुटते.

पण काही मॉडेलांत शेवटचा थर मुद्दाम शून्यावर ठेवतात. ते कसं चालतं?

कारण बाकीचे थर रँडम असतात, त्यामुळे शेवटच्या थराचा ग्रेडियंट शून्य नसतो. ती जागा सॅडल नाहीच.

सॅडल आहे, पण एकही ऋण आयगेन व्हॅल्यू नाही, असं होतं का?

होतं, आणि या पद्धतीची मर्यादा इथेच आहे. दोन वजनांऐवजी तीन घ्या: L = ½ (a·b·c − 1)². तिन्ही शून्य असताना कुठल्याही दोन वजनांचा मिश्र विकलज तिसऱ्यावर अवलंबून असतो आणि तो तिसरा शून्य असतो. अख्खं हेसियन शून्य. तरी ही जागा मिनिमम नाही: तिन्ही थोडी वाढवली की लॉस घटतो. उतार तिसऱ्या विकलजात लपलाय, आणि हेसियन तिथवर बघत नाही.

फरक वेळेतही दिसतो. इथे तिन्ही वजनं ०.००१ ठेवून लर्निंग रेट ०.१ नं निघालात, तर वाढ चक्रवाढ दरानं होत नाही. पाऊल w² च्या प्रमाणात पडतं. हिशेब 1/(η·w) चा, म्हणजे सुमारे दहा हजार पावलं. दोन थरांत पाऊणशे पावलांत झालेलं काम!

केनजी कावागुची यांनी २०१६ मध्ये रेषीय नेटवर्कांसाठी हे नेटकेपणानं मांडलं. एकच लपलेला थर असेल तर प्रत्येक सॅडलला ऋण आयगेन व्हॅल्यू असते. त्याहून खोल गेलात तर अशी हमी नाही. म्हणून खोल नेटवर्कमध्ये 'ऋण व्हॅल्यू नाही, म्हणजे मिनिमम' हे विधान करू नये. लॉस कुठल्या पातळीवर थांबलाय ते बघा. Ln 10 वर थांबला असेल तर हेसियन काहीही म्हणो.

न्यूटनची पद्धत वक्रता वापरते. ती सॅडलमधून पटकन बाहेर काढेल ना?

उलट, आत ओढेल. आपल्याच उदाहरणात (०.१, ०.१) वर उभे राहा. ग्रेडियंटचा प्रत्येक घटक −०.०९९, आणि (1, 1) दिशेची आयगेन व्हॅल्यू −०.९७. ग्रेडियंट डिसेंट वजनं वाढवायला सांगतं, ते बरोबर आहे. न्यूटनचं पाऊल मात्र ग्रेडियंटला −०.९७ नं भागतं, चिन्ह उलटतं, आणि वजनं ०.१ वरून −०.००२ वर येतात. एका पावलात थेट खिंडीत! न्यूटनची पद्धत 'ग्रेडियंट शून्य कुठे' एवढंच शोधते, ती जागा तळ आहे की खिंड याच्याशी तिला देणंघेणं नाही.

२०१४ च्या त्याच कामात दोफॅं आणि मंडळींनी उपाय सुचवला: λ च्या जागी |λ| नं भागा. मग तेच पाऊल ०.१ वरून ०.२०२ वर नेतं. लहान प्रश्नांवर हे छान चालतं. मोठ्या मॉडेलवर दर पावलाला आयगेन व्हॅल्यू काढणं परवडत नाही, म्हणून रोजच्या कामात ही पद्धत फारशी कोणी वापरत नाही.

मग माझ्या रनमध्ये सॅडल सापडलाच, तर करू काय?

दिशा v हातात आहेच, तर वजनं त्या दिशेला ढकला आणि ट्रेनिंग पुढे चालू करा. किती ढकलायचं? आधीच्या दोन्ही बाजूंच्या चाचणीत लॉस ज्या ε ला सगळ्यात जास्त घटला, तेवढं. +v की −v? ग्रेडियंट अगदी शून्य नसेल तर त्याच्याशी v चा डॉट प्रॉडक्ट घ्या आणि जी बाजू ऋण देईल ती निवडा. अगदी शून्य असेल तर कुठलीही.

v काढायचा कंटाळा असेल तर लहान रँडम धक्काही चालतो, कारण त्यात ऋण दिशेचा थोडा अंश येतोच आणि पुढे चक्रवाढ आपलं काम करते. फक्त |λ| फार लहान असेल तर हा मार्ग हजारो पावलं खातो; तिथे v काढण्याचा खर्च भरून निघतो. आणि ढकलल्यावर शंभर-दोनशे पावलांत लॉस पुन्हा त्याच आकड्यावर येऊन बसला, तर वजनांना दोष देणं थांबवून डेटा लोडर उघडा.